सोन्याचा भाव कोणत्या वेळी भरीव, कोणत्या वेळी पोकळ: घड्याळ लावून बाजार कसा वाचायचा

९ ऑगस्ट २०२१, सोमवार. आपल्याकडे पहाटेचे चार वाजून गेले होते. जागतिक बाजार आठवड्यासाठी उघडून तासभरही झाला नव्हता आणि सोनं काही मिनिटांत औंसामागे साठ-सत्तर डॉलरनं कोसळलं, म्हणजे सुमारे चार टक्के. आदल्या शुक्रवारी अमेरिकेतल्या नोकऱ्यांचे आकडे अपेक्षेपेक्षा चांगले आले होते, त्यामुळे भाव आधीच नरम होता. पण सोमवारच्या त्या पहाटे नवीन बातमी कोणतीच नव्हती. त्या दिवशी जपानला सुटी होती आणि सिंगापूरलाही. एरवी त्या वेळी घेणारे जे थोडेफार असतात, तेही जागेवर नव्हते. सकाळी नऊला आपला एमसीएक्स हा वायदेबाजार उघडला तोवर यातली बरीच पडझड भरून निघाली होती. म्हणजे अमरावती-यवतमाळकडच्या माणसानं मोबाईल उघडला तेव्हा सगळ्यात खालचा भाव येऊन गेलाही होता. त्या भावाला त्याला ना घेता आलं, ना विकता आलं.

असाच प्रकार २० जुलै २०१५ ला झाला होता. तोही सोमवार, आणि त्याही दिवशी जपानला सुटी. आपल्या घड्याळात सकाळी सातच्या सुमारास शांघायमध्ये विक्रीचा मोठा लोंढा आला आणि भाव अकराशे डॉलरच्या खाली जाऊन परत वर आला.

या दोन्ही घटनांमागचं कारण एकच आहे आणि ते रोज थोड्याफार प्रमाणात घडत असतं. सोन्याचा बाजार जवळजवळ चोवीस तास चालतो, पण त्यात घेणारे-विकणारे चोवीस तास सारखे नसतात. बाजार समितीत ज्या दिवशी बोलीला दोनच व्यापारी उभे असतात त्या दिवशी एका ट्रॉलीनं कापसाचा भाव जसा हलतो, तसंच इथंही होतं. पडद्यावर आकडा दिसतो, पण त्या आकड्यामागे माल उचलणारे किती, हे दिसत नाही. ते कसं ओळखायचं ते आता पायरीपायरीनं पाहू. तालुक्याच्या गावी सराफी करणारे, मोबाईलवर गोल्ड मिनी किंवा गोल्ड पेटल या एमसीएक्सवरच्या छोट्या वायद्यांचे सौदे करणारे आणि चुकाऱ्याचे पैसे हातात आल्यावर लग्नासाठी सोनं घेणारे, तिघांनाही हे लागतं.

पहिली पायरी: आपल्या घड्याळात जगाचा बाजार मांडा

खालच्या वेळा अमेरिकेत उन्हाळी वेळ असतानाच्या आहेत, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत.

न्यूयॉर्कचा कॉमेक्स हा वायदेबाजार आपल्या पहाटे साडेतीनला उघडतो. सव्वापाचच्या सुमारास जपान येतं आणि साडेसहाला शांघाय. नऊला आपला एमसीएक्स सुरू होतो आणि त्याच वेळी रुपया-डॉलरचा बाजारही. दुपारी साडेबाराच्या आसपास लंडनच्या बँका कामाला लागतात. तीन वाजता लंडनचा पहिला लिलाव होतो, ज्यावरून जगभरातले मोठे सौदे ठरतात. संध्याकाळी सहाला अमेरिकेतले महागाई आणि नोकऱ्यांचे आकडे येतात. साडेसातला लंडनचा दुसरा लिलाव. रात्री साडेनऊच्या सुमारास लंडनची माणसं घरी जातात, अकराला कॉमेक्सचा दिवसाचा बंद भाव ठरतो, साडेअकराला एमसीएक्स बंद. कॉमेक्स मात्र मध्यरात्रीनंतर अडीचपर्यंत चालू राहतो, मग तासभर विश्रांती घेतो आणि साडेतीनला पुन्हा उघडतो.

हिवाळ्यात लंडन आणि न्यूयॉर्कच्या सगळ्या वेळा एक तास पुढे ढकला. एमसीएक्सही तेव्हा अकरा पंचावन्नपर्यंत चालतो. शांघाय आणि जपान घड्याळ बदलत नाहीत, त्यांच्या वेळा बारा महिने त्याच.

यात एक खाच आहे आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अमेरिका आणि ब्रिटन एकाच दिवशी घड्याळ बदलत नाहीत. ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत येतं. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा असा असतो, की अमेरिकेचे आकडे सहालाच येतात पण लंडनचा दुसरा लिलाव साडेआठला होतो. त्या दिवसांत जुन्या सवयीनं बसलात तर गर्दीची वेळ चुकते. कॅलेंडरवर त्या आठवड्यांना खूण करून ठेवा.

दुसरी पायरी: दिवसाचा स्वभाव समजून घ्या

संध्याकाळी साडेपाच-सहापासून रात्री साडेनऊपर्यंत लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही हजर असतात. हा बाजाराचा सगळ्यात भरीव काळ. इथे भाव जोरात हलतो, कधी सकाळपासूनच्या सगळ्या हालचालीपेक्षा जास्त हलतो, पण मोठा माल टाकला किंवा उचलला तरी तो पचतो. हलणारा भाव आणि पोकळ भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे नीट लक्षात घ्या. अमेरिकेचे आकडे येतात तेव्हाचं मिनिट-दोन मिनिट सोडलं, तर संध्याकाळचा हलणारा भाव खरा असतो. याउलट पहाटेचा शांत दिसणारा भाव आतून पोकळ असू शकतो. तो कोणी हात लावेपर्यंतच शांत असतो.

आशियाच्या सकाळी भाव बहुधा छोट्या पट्ट्यात फिरतो. सोन्याचा भाव ज्या गोष्टींवर हलतो, म्हणजे अमेरिकेचे व्याजदर, तिथली महागाई, डॉलरची ताकद, त्यांच्या बातम्या मुख्यतः अमेरिकेच्या दिवसा येतात. सकाळच्या वेळी वजन असतं ते चीनचं. म्हणून चीनच्या नववर्षाची सुटी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली सुटी लक्षात ठेवावी. त्या दिवसांत आपली सकाळ नेहमीपेक्षा रिकामी असते.

आता आपल्या बाजाराची खास गोष्ट. एमसीएक्सचा भाव दोन दोऱ्यांवर लोंबतो, एक डॉलरमधलं सोनं आणि दुसरा रुपया. रुपयाचा देशातला मुख्य बाजार सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन चालतो. त्या वेळेत जागतिक सोनं जागचं हललं नाही तरी आपला भाव हलू शकतो.

हिशोब करून पाहा. डॉलर ८८ रुपये, आयात शुल्क ६ टक्के आणि सोनं औंसाला ४,००० डॉलर धरू. एका औंसात ३१.१०३५ ग्रॅम असतात. मग सोनं एक डॉलरनं हललं की दहा ग्रॅममागे साधारण ३० रुपयांचा फरक पडतो. आणि सोनं तिथंच राहून रुपया दहा पैशांनी हलला, तर दहा ग्रॅममागे साधारण १३६ रुपये. रुपयाचे दहा पैसे म्हणजे सोन्याचे साडेचार डॉलर झाले. दर किंवा शुल्क बदललं की हे आकडे नव्यानं काढायचे, रीत तीच.

त्यामुळे दुपारी दोनला एमसीएक्स दीडशे रुपयांनी वर गेला आणि डॉलरमधलं सोनं स्थिर असलं, तर ती सोन्याची तेजी समजू नका. रुपया घसरला असेल. साडेतीननंतर देशातला रुपया बहुतांशी थंडावतो आणि आपला भाव मुख्यतः डॉलरमधल्या सोन्यामागे चालतो.

तिसरी पायरी: रिकाम्या वेळा ओळखा

सगळ्यात रिकामा काळ म्हणजे मध्यरात्रीनंतर साधारण एकपासून पहाटे साडेपाच-सहापर्यंत. लंडन झोपलेलं, न्यूयॉर्कची मोठी माणसं घरी गेलेली आणि शांघाय अजून उठायचं. त्यातही कॉमेक्स पुन्हा उघडल्यानंतरचा पहिला तास नाजूक, आणि आठवड्यात सोमवारचा तो तास सगळ्यात नाजूक.

या वेळी नेमकं काय घडतं ते नीट पाहू. बाजारात दोन्ही बाजूंनी भाव लावून बसणारे जे मोठे धंदेवाले असतात, ते गिऱ्हाईक कमी असताना माल कमी लावतात आणि घेण्या-विकण्याच्या भावातलं अंतर वाढवतात. कारण चुकीच्या बाजूनं माल अंगावर आला तर तो पुढे ढकलायला कोणी नसतं. त्याच वेळी हजारो लोकांचे स्टॉप लॉस, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून आधीच लावून ठेवलेल्या विक्रीच्या ऑर्डरी, एखाद्या गोल आकड्याच्या जरा खाली पडून असतात. एक मोठी विक्री आली की वरचे दोन-चार खरेदीदार संपतात, भाव त्या स्टॉपपर्यंत पोचतो, स्टॉप स्वतःच विक्री होऊन बाजारात पडतात आणि भाव आणखी खाली जातो. खाली घेणारा मिळाला की भाव तितक्याच वेगानं वर येतो. ऑगस्ट २०२१ ची पहाट अशीच गेली.

एमसीएक्स त्या वेळी बंद असल्यामुळे आपण यातून वाचतो असं वाटेल. ते अर्धंच खरं आहे. रात्री साडेअकरा ते सकाळी नऊ या साडेनऊ तासांत जगाचा बाजार साडेआठ तास चालू असतो आणि आपले हात बांधलेले असतात. वर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदराचा निर्णय वर्षातून आठ वेळा येतो, तो आपल्या उन्हाळी घड्याळात बरोबर रात्री साडेअकराला, म्हणजे एमसीएक्सचं दार बंद होतं त्याच मिनिटाला. हिवाळ्यात तो साडेबाराला येतो, तेव्हाही आपण बंदच. त्या निर्णयाचा परिणाम आपल्याला सकाळी नऊला एकदम दिसतो.

आपल्या बाजाराच्या स्वतःच्याही पोकळ वेळा आहेत. सकाळी उघडल्यावरची पहिली काही मिनिटं रात्रीचा फरक भरून काढण्यात जातात आणि त्यात उड्या असतात. रात्री शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतही अंतर वाढलेलं दिसतं, विशेषतः छोट्या सौद्यांत. अमेरिकेत सुटी असते, उदाहरणार्थ नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, त्या संध्याकाळी आपला एमसीएक्स चालू असतो पण समोरचा माणूस जागेवर नसतो. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडाही तसाच. अशा दिवशी मोबाईल काढून सौदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी: स्वतः मोजा

माझ्या सांगण्यावर अवलंबून राहू नका. ब्रोकरच्या ॲपमध्ये बाजाराची खोली दाखवणारी खिडकी असते. तिथे घेणाऱ्यांचे वरचे पाच भाव आणि विकणाऱ्यांचे खालचे पाच भाव दिसतात, प्रत्येकापुढे किती माल ते लिहिलेलं असतं. वहीचं एक पान आखा. रोज पाच वेळा, म्हणजे सकाळी नऊ-पाचला, दुपारी बाराला, साडेतीनला, संध्याकाळी सातला आणि रात्री सव्वाअकराला, दोनच गोष्टी लिहा. एक, सगळ्यात वरचा घेणारा आणि सगळ्यात खालचा विकणारा यांच्यातलं अंतर, रुपयांत. दोन, दोन्ही बाजूंच्या पाच ओळींतला एकूण माल.

चालू महिन्याच्या गोल्ड मिनीसाठी एक पान करा आणि तुम्ही पेटल किंवा गिनी घेत असाल तर त्याचं वेगळं. गोल्डचा मोठा सौदा एक किलोचा, मिनी शंभर ग्रॅमचा, गिनी आठ ग्रॅमची आणि पेटल एक ग्रॅमची. पेटलचा भाव एका ग्रॅमचा असतो आणि मिनीचा दहा ग्रॅमचा, त्यामुळे तुलना करताना पेटलचं अंतर दहानं गुणा, नाहीतर छोटा सौदा स्वस्त आहे असा भास होतो. पुढच्या महिन्यांचे सौदे एकदा उघडून पाहा. संध्याकाळच्या ऐन गर्दीतही तिथे ओळी विरळ दिसतील. वेळ भरीव असली तरी सौदा पोकळ असू शकतो.

दोन आठवड्यांत तुमच्याच वहीत दिसेल की कोणत्या वेळी अंतर नेहमीचं असतं. मग नियम साधा ठेवा. अंतर नेहमीच्या दुप्पट दिसलं किंवा पाच ओळींतला माल निम्म्यावर आला, की त्या क्षणी सौदा थांबवायचा. भाव कितीही गोड दिसला तरी.

पाचवी पायरी: एक सौदा रात्रभर नेऊन पाहू

समजा तुम्ही संध्याकाळी एक गोल्ड मिनी १,२०,००० रुपये दहा ग्रॅम या भावानं घेतला. शंभर ग्रॅमचा सौदा, म्हणजे भाव एक रुपया हलला की तुमचे दहा रुपये हलतात. तुम्ही ठरवलं की ८०० रुपयांपेक्षा जास्त खाली जाऊ द्यायचं नाही. स्टॉप लावला १,१९,२०० ला आणि विक्रीची मर्यादा ठेवली १,१९,१५०, म्हणजे त्याखालच्या भावाला विकायचं नाही. ठरवलेला तोटा साधारण ८,००० रुपये.

रात्री जागतिक सोनं ४० डॉलरनं पडलं. म्हणजे एक टक्का, फार जगावेगळं नाही. आपल्या हिशोबानं ४० गुणिले ३०, दहा ग्रॅममागे १,२०० रुपये. सकाळी नऊला भाव उघडला तोच १,१८,८०० ला. तुमचा स्टॉप पेटला, पण विक्रीची मर्यादा १,१९,१५० आणि घेणारे १,१८,८०० ला. सौदा झालाच नाही. ऑर्डर तशीच लटकून राहिली आणि भाव आणखी खाली गेला तर तोटा वाढतच जाणार. मर्यादा न ठेवता बाजारभावानं विकायला सांगितलं असतं, तर सौदा निघाला असता पण १,१८,८०० किंवा त्याहून खाली, म्हणजे तोटा १२,००० किंवा वर. आणखी एक गोष्ट: त्या दिवसापुरतीच लावलेली ऑर्डर रात्री रद्द होते. सकाळी ती नव्यानं लावली आहे की नाही, हे आधी पाहावं लागतं.

यातून धडा इतकाच, की स्टॉप लॉस हा बाजार चालू असतानाचा पहारेकरी आहे. बंद दारामागच्या पडझडीवर त्याचा इलाज नाही. रात्रभर सौदा न्यायचा असेल तर सौद्याचा आकार असा ठेवा, की सकाळी दोन टक्के विरुद्ध उघडलं तरी घरातलं बियाण्या-खताचं पैसं हलणार नाही. वरच्या उदाहरणात दोन टक्के म्हणजे मिनीवर २४,००० रुपये. तेवढी ताकद नसेल तर मिनी सोडून पेटलवर या, किंवा रात्री दहाच्या आत मोकळे व्हा. व्याजदराच्या निर्णयाच्या रात्री आणि शुक्रवारी तर नक्कीच.

दिवसा सौदा करताना मर्यादा घालूनच ऑर्डर द्या. आमच्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी लाईट गेली की टॉवरही जातो, रेंज कधी येईल सांगता येत नाही. म्हणून सौदा घेताक्षणीच स्टॉप लावून टाकावा, नंतर पाहू असं म्हणू नये.

दुकानातल्या भावाचं काय

गावच्या सराफाकडचा भाव याच घड्याळावर चालतो, फक्त तो उशिरानं आणि गठ्ठ्यानं बदलतो. देशातल्या सराफ संघटनेचे दर, म्हणजे आयबीजेएचे, कामाच्या दिवशी दोनदा जाहीर होतात, दुपारी आणि संध्याकाळी. त्यात जीएसटी आणि घडणावळ नसते. शनिवारी-रविवारी ते येत नाहीत. आता आपल्याकडे कितीतरी गावांचा आठवडी बाजार रविवारी असतो आणि लग्नाचं सोनं घ्यायला घरची मंडळी त्याच दिवशी मोकळी होतात. ओळखीच्या एका सराफानं हे सरळ सांगितलं होतं: "भाऊ, रविवारचा भाव म्हंजे शुक्रवारचाच भाव हाय. सोमवारी काय निघन ते मले मालूम नाही, म्हून थोडं हातचं ठेवतो."

तो हातचं ठेवतो यात लबाडी नाही. सोमवारच्या पहाटेची जोखीम तो स्वतःच्या अंगावर घेतो आणि तिची किंमत लावतो. विशेषतः तुम्ही जुनं सोनं मोडायला गेलात तर हा फरक जास्त जाणवतो, कारण तुमचा माल त्याच्याकडे बिनभावाचा पडून राहणार असतो. म्हणून मोड घालायची असेल तर मंगळवार ते शुक्रवार, दुपारचे दर आल्यानंतर जा. दुकानात शिरण्यापूर्वी त्या दिवसाचा ९९९ शुद्धतेचा दर पाहा, तुमचे दागिने २२ कॅरेटचे असतील तर त्याला ०.९१६ नं गुणा, आणि दुकानदार देतो तो भाव त्यापेक्षा किती खाली आहे ते ग्रॅममागे रुपयांत लिहून घ्या. दोन दुकानांत हाच आकडा विचारला की तुलना करता येते. घटीचा हिशोब वेगळा मागा, तो भावात मिसळू देऊ नका.

सराफी करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. संध्याकाळी शंभर ग्रॅम मोड खरेदी झाली, तर तितका भाव त्याच संध्याकाळी नऊच्या आत बांधून घ्या, एक गोल्ड मिनी विकून किंवा घाऊक व्यापाऱ्याला फोनवर भाव पक्का करून. मिनी विकताना लक्षात ठेवा, की तुमची मोड २२ कॅरेटची असेल तर शंभर ग्रॅममध्ये शुद्ध सोनं साधारण ९१.६ ग्रॅमच असतं, म्हणजे मिनी थोडा जास्त होतो. दुकान आवरून साडेदहा-अकराला फोन हातात घेण्याची सवय असेल तर ती बदला, तोवर लंडन उठून गेलेलं असतं.

रात्री चालणारे दुसरे रस्ते

एमसीएक्स बंद झाल्यावर काही पोरं परदेशी ॲपवर XAUUSD नावाचा डॉलरमधल्या सोन्याचा सौदा रात्रभर करतात, काही डब्यावर, म्हणजे एक्स्चेंजबाहेरच्या चोरट्या सौद्यांवर, बसतात. डबा बेकायदा आहे. रिझर्व्ह बँकेची परवानगी नसलेल्या परदेशी मंचावर असे सौदे करणं हेही कायद्याविरुद्ध आहे, आणि अशा मंचांची नावं रिझर्व्ह बँकेच्या सावधगिरीच्या यादीत पाहायला मिळतात. कायदा बाजूला ठेवला तरी वेळेचा मुद्दा उरतोच. पहाटे अडीच-साडेतीनच्या आसपास हे लोक घेण्या-विकण्यातलं अंतर कितीही पटींनी वाढवतात, आणि खरा बाजार जिथे गेलाच नाही तिथेही तुमचा स्टॉप उडू शकतो. तक्रार करायला समोर एक्स्चेंज नसतं. एखाद्या पोरानं असा स्टॉप उडाल्याचा स्क्रीनशॉट दाखवला, तर त्यावरची वेळ आधी पाहा आणि त्याच मिनिटाचा कॉमेक्सचा भाव शेजारी ठेवून त्याला दाखवा.